स्पर्धकांच्या डेकमधून स्वॉट टेबल: प्रत्येक मुद्द्याला त्याची स्लाइड कशी लावायची

एजन्सीकडून तीसेक स्लाइडचा कॉम्पिटिटर अ‍ॅनालिसिसचा डेक येतो, साहेब म्हणतात याचं एका पानात स्वॉट करून द्या, आणि मग बहुतेक ठिकाणी काय होतं तर डेक एकदा वरवर चाळला जातो, बंद केला जातो आणि डोक्यात जे राहिलंय ते स्ट्रेंथ, वीकनेस, ऑपॉर्च्युनिटी आणि थ्रेट या चार चौकोनांत टाकलं जातं. "ब्रँड मजबूत", "वितरण कमी", "बाजार वाढतोय", "स्पर्धा तीव्र". हे चार मुद्दे कुठल्याही कंपनीच्या स्वॉटमध्ये चिकटवा, चालून जातील. मीटिंगमध्ये कोणी विचारलं की वितरण कमी म्हणजे कुठे आणि कोणाच्या तुलनेत, की मग डेक उघडून वरखाली स्क्रोल सुरू होतं.

ही तक्रार जुनी आहे. १९९७ साली टेरी हिल आणि रॉय वेस्टब्रुक या दोघांनी ब्रिटनमधल्या कंपन्यांमध्ये केलेले स्वॉट तपासून हेच लिहिलं होतं की याद्या लांबलचक, शब्द मोघम, कुठला मुद्दा जास्त महत्त्वाचा ते ठरवलेलं नाही आणि कोणी पडताळूनही बघितलेलं नाही. स्लाइड नंबर लावायची सवय यातल्या निम्म्या गोष्टी आपोआप सुधारते, कारण "ब्रँड मजबूत" असं लिहून समोर नंबर टाकायला गेलात की लगेच कळतं की असं म्हणणारी स्लाइडच डेकमध्ये नाहीये.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण धरतोय. नाशिकची एक मध्यम कंपनी, पॅकबंद चिवडा आणि फरसाण करते, तिला पुण्यात शिरायचंय. डेक ३२ स्लाइडचा. समोर तिघं आहेत: देशभर चालणारा एक मोठा ब्रँड, पश्चिम महाराष्ट्रात पसरलेला एक प्रादेशिक ब्रँड (त्याला शेजारचा म्हणू) आणि सुटं फरसाण विकणारी दुकानं. कंपनी, डेक आणि त्यातले आकडे बनवलेले आहेत, जीएसटीचा भाग तेवढा खरा आहे.

आधी डेक गोठवा

स्लाइड नंबरवर सगळं उभं करायचंय तर नंबर हलता कामा नये. डेक मात्र हलत असतो, एजन्सी मधेच एक स्लाइड घुसवून "अपडेटेड फायनल" पाठवते आणि बारा नंबरच्या पुढचं सगळं एकाने सरकतं. म्हणून पहिलं काम, आलेल्या फाइलची पीडीएफ काढायची, फाइलच्या नावात तारीख टाकायची आणि पुढचं सगळं काम त्या पीडीएफवरूनच करायचं.

पीडीएफ काढताना एक गोष्ट बघा. पॉवरपॉइंटमध्ये लपवलेल्या स्लाइडलाही नंबर असतो. आता पीडीएफ काढताना `Include hidden slides` वर टिक नसेल तर ती स्लाइड पीडीएफमध्ये येत नाही, आणि मग पीडीएफचं पान २२ म्हणजे मूळ डेकची स्लाइड २३ असा घोळ होतो. दुसरा घोळ `Number slides from` या सेटिंगचा. काही लोक तिथे शून्य टाकतात, म्हणजे कव्हरला शून्य नंबर मिळतो आणि १ पुढच्या स्लाइडवर येतो. अशा डेकमध्ये स्लाइडच्या कोपऱ्यात छापलेला नंबर आणि पीडीएफच्या पानाचा नंबर जुळतो का ते सुरुवातीला, मधे आणि शेवटी अशा तीन ठिकाणी तपासा. जुळत नसेल तर कुठला नंबर धरायचा ते एकदा ठरवा आणि टेबलच्या वर एका ओळीत लिहून ठेवा, उदाहरणार्थ "नंबर म्हणजे स्लाइडवर छापलेला नंबर".

नंबरसोबत स्लाइडचा मथळाही लिहायचा, "१२, दुकानांतली उपलब्धता" असा. उद्या नंबर सरकला तरी मथळ्यावरून स्लाइड सापडते. डेक गूगल स्लाइड्समध्ये असेल तर आणखी सोपं, प्रत्येक स्लाइडची स्वतःची लिंक असते, अ‍ॅड्रेस बारमध्ये शेवटी `#slide=id.` पासून पुढे जे असतं ते, आणि स्लाइड वरखाली केली तरी ती लिंक त्याच स्लाइडला जाते.

लपवलेल्या स्लाइड, अपेंडिक्स आणि स्पीकर नोट्स सुद्धा वाचा बरं का. डेकमधले "पण" सगळे तिथेच राहतात, पुढे उदाहरण येईलच.

मग प्रश्न लिहा, एका ओळीत

स्वॉटच्या वर एक प्रश्न लागतो, नाहीतर कुठला मुद्दा कुठल्या चौकोनात जातो ते ठरवताच येत नाही. आपल्या उदाहरणात स्लाइड १२ म्हणते की पुण्यात पाहिलेल्या ३० दुकानांपैकी फक्त २ मध्ये आपला माल होता. ही वीकनेस आहे का? कंपनीला पुण्यात जायचंच नसेल तर अजिबात नाही, ती नुसती माहिती आहे. पुण्यात जायचंय म्हणून ती वीकनेस. तर आपला प्रश्न असा: "पुढच्या दिवाळीपर्यंत पुण्यातल्या किराणा दुकानांत आपला चिवडा ठेवायचा, तर आपण कुठे उभे आहोत?" जागा, वेळ, माल आणि दुकानाचा प्रकार असं चारही त्यात आलं. "आपली एकंदर स्थिती" असल्या प्रश्नावर स्वॉट करायला घेऊ नका, त्यात सगळंच बसतं.

पुराव्यांची यादी, अजून चौकोन नाहीत

आता शीटमध्ये `पुरावे` नावाचा टॅब करा आणि डेक पहिल्या स्लाइडपासून शेवटपर्यंत ओळीने वाचत जा. स्लाइडवर जे ठोस म्हटलंय त्याची एक ओळ. कॉलम एवढे पुरतात: मुद्द्याचा कोड (हा सध्या रिकामा), स्लाइड नंबर, मथळा, स्लाइडवर काय लिहिलंय ते तिच्याच शब्दांत, कोणाबद्दल आहे, प्रकार, आणि माहिती कधीची आहे.

स्लाइडच्या शब्दांत, यावर मी थोडा हट्टी आहे. स्लाइड म्हणते "३० पैकी ११ दुकानांत आढळला" आणि आपण लिहितो "शेजारच्याचं वितरण कमजोर", तिथेच पुरावा संपतो आणि मत सुरू होतं. मत द्यायचंच आहे, पण ते पुढच्या पायरीत, इथे नुसती नक्कल.

प्रकारात मी मुख्य तीनच ठेवतो: मोजलेलं, सांगितलेलं आणि डेकवाल्याचं मत. सरकारी निर्णय आणि मोजणीची पद्धत सांगणाऱ्या ओळी तेवढ्या वेगळ्या. दुकानात जाऊन मोजलं किंवा पाकिटावर छापलेलं वाचलं ते मोजलेलं. दुकानदार किंवा वितरक म्हणाला ते सांगितलेलं. आणि स्लाइड ३ वर मोठ्या अक्षरात "मोठा ब्रँड नाशिकमध्ये पकड गमावतोय" असं आहे, खाली एकही आकडा नाही, ते मत. एक्झिक्युटिव्ह समरीची स्लाइड जवळजवळ नेहमी या तिसऱ्या प्रकारात जाते. म्हणून स्वॉटच्या मुद्द्यासमोर समरी स्लाइडचा नंबर दिसला की समजायचं, करणाऱ्याने पुढचा डेक उघडलेला नाही. समरीतलं वाक्य वापरायचं असेल तर ते ज्या स्लाइडवरून काढलंय ती शोधा आणि तिचा नंबर लावा, तशी स्लाइड सापडली नाही तर वाक्य सोडून द्या.

आपल्या डेकमधून निघालेल्या कामाच्या ओळी अशा:

| स्लाइड | काय लिहिलंय | प्रकार | कधीचं |
|---|---|---|---|
| ७, किंमत | २०० ग्रॅम चिवडा: आपला ५५ रु., मोठा ६० रु., शेजारचा ५० रु. | मोजलेलं | ऑगस्ट २०२५ |
| ९, टिकाऊपणा | आपला ९० दिवस, मोठा १२० दिवस | मोजलेलं, पाकिटावरून | ऑगस्ट २०२५ |
| १२, दुकानांतली उपलब्धता | नाशिक ३० दुकानं: आपण २४, मोठा २८, शेजारचा ११. पुणे ३० दुकानं: आपण २, मोठा २९, शेजारचा १७ | मोजलेलं | ऑक्टोबर २०२५ |
| १४, दुकानदाराचं मार्जिन | आपण १२ टक्के, शेजारचा १५ टक्के | सांगितलेलं | ऑक्टोबर २०२५ |
| १७, ऑनलाइन रिव्ह्यू | मोठ्याच्या चिवड्याचे २०० रिव्ह्यू वाचले, ४० मध्ये "तेलकट" | मोजलेलं | तारीख नाही |
| २१, कर | पॅकबंद नमकीनवर जीएसटी १२ वरून ५ टक्के | सरकारी निर्णय | २२ सप्टेंबर २०२५ पासून |
| २४, हालचाली | शेजारचा पुण्याजवळ गोदाम बघतोय | सांगितलेलं, दोन वितरक | ऑक्टोबर २०२५ |
| २९, अपेंडिक्स | दुकानभेटी दिवाळीच्या आठवड्यात झाल्या | पद्धत | ऑक्टोबर २०२५ |

शेवटची ओळ नीट बघा. स्लाइड १२ वर सुंदर बार चार्ट आहे, पण तो दिवाळीच्या आठवड्यातला आहे हे कळतं ते स्लाइड २९ वर, बारीक अक्षरात. दिवाळीत फराळाचा माल प्रत्येक दुकानदार जास्तीचा भरतो, एरवी चिवड्याचं पाकीट न ठेवणाराही ठेवतो. म्हणजे नाशिकचे २४ हे वर्षभराचे २४ असतीलच असं नाही. म्हणून स्लाइड १२ वर उभा राहणारा प्रत्येक मुद्दा "१२, २९" असा दोन नंबर घेऊनच टेबलमध्ये जाईल. आकडा एका स्लाइडवर आणि त्याची अट दुसऱ्या स्लाइडवर असेल तर दोन्ही नंबर लागतात, एकटा १२ लिहिणं म्हणजे अर्धं सांगणं.

तारखेचा कॉलमही असाच कामाला येतो. किमती ऑगस्टच्या आहेत, जीएसटी उतरला २२ सप्टेंबरला. आपलं ५५ रुपयांचं पाकीट १२ टक्के धरून होतं, म्हणजे कराशिवाय ४९ रुपये ११ पैसे, त्यावर ५ टक्के लावले तर ५१ रुपये ५६ पैसे होतात. साधारण साडेतीन रुपयांचा फरक. ब्रँडनी किंमत उतरवली की तेवढ्याच पैशांत वजन वाढवलं ते स्लाइड ७ सांगू शकत नाही कारण ती आधीची आहे. त्यामुळे "आपण मोठ्यापेक्षा पाच रुपयांनी स्वस्त" हा मुद्दा आज टेबलमध्ये जाणार नाही, दुकानात जाऊन तिन्ही पाकिटं हातात घेऊन बघितल्यावरच जाईल.

डेक त्यांचा, टेबल आपलं

खरी अडचण इथे आहे आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायचा. कॉम्पिटिटर डेक दुसऱ्यांबद्दल बोलतो, स्वॉट मात्र आपल्याबद्दल असतं. म्हणून लोक सरळ उलटं करतात, त्यांची कमजोरी ती आपली ऑपॉर्च्युनिटी आणि त्यांची ताकद ती आपली थ्रेट. असं नुसतं उलटं करून चालत नाही.

प्रत्येक पुराव्याला दोन प्रश्न विचारा. पहिला, हे बदलणं आपल्या हातात आहे का? असेल तर तो स्ट्रेंथ किंवा वीकनेस, नसेल तर ऑपॉर्च्युनिटी किंवा थ्रेट. दुसरा, यात आपला आकडा आहे का? स्ट्रेंथ आणि वीकनेस हे तुलनेचे शब्द आहेत, आपलाही आकडा आणि त्यांचाही आकडा असल्याशिवाय ते लिहिता येत नाहीत. स्लाइड ९ वर दोन्ही आहेत, ९० विरुद्ध १२० दिवस, आणि टिकाऊपणा वाढवणं आपल्या हातात आहे, पॅकिंग बदला, पाकिटात नायट्रोजन भरा. म्हणून ती वीकनेस, सरळ काम.

आता स्लाइड १७ घ्या. मोठ्याच्या २०० पैकी ४० रिव्ह्यूमध्ये तेलकटपणाची तक्रार. हातात पेन घेतलं की लिहावंसं वाटतं, स्ट्रेंथ: आपला चिवडा कमी तेलकट. पण आपल्या चिवड्याबद्दल त्या स्लाइडवर चकार शब्द नाही! आपल्याही चिवड्याला लोक तेलकट म्हणत असतील. ऑपॉर्च्युनिटी म्हणून लिहिता येईल, पण तीही अट घालून: मोठ्याचे काही ग्राहक तेलावर नाराज आहेत, आपलं तेल खरंच कमी असेल तर ते आपल्याकडे येऊ शकतात. शिवाय रिव्ह्यू ऑनलाइन घेणाऱ्यांचे आहेत आणि आपला प्रश्न किराणा दुकानाचा. आणि ते २०० रिव्ह्यू निवडले कसे, सगळ्यात नवे घेतले की एक-दोन स्टारवाले आधी घेतले, हे डेकमध्ये नसेल तर एजन्सीला एक मेल टाका. एक-दोन स्टारवाले घेतले असतील तर ४० या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

स्लाइड १४ ला वेगळी खोच आहे. शेजारचा दुकानदाराला १५ टक्के देतो, आपण १२. वरवर तीन टक्क्यांची वीकनेस. पण टक्के कशावरचे? बाजारात कोणी एमआरपीवर सांगतो तर कोणी खरेदीवर. शंभरला घेऊन एकशेपंधराला विकलं तर खरेदीवर १५ टक्के झाले, पण एमआरपीवर ते १३ टक्केच भरतात. म्हणजे आपले १२ एमआरपीवरचे आणि त्यांचे १५ खरेदीवरचे असतील तर फरक जेमतेम एक टक्का. वर "दहावर एक फ्री" असली स्कीम चालू असेल तर हिशोब पुन्हा बदलला. स्लाइडवर काय लिहिलंय तेवढंच टेबलमध्ये जाईल, समोर नंबर १४, आणि विश्वासाच्या कॉलममध्ये "सांगितलेलं, टक्के कशावर ते विचारायचं".

सगळ्यात मजेदार स्लाइड २१. जीएसटी १२ वरून ५ झाला हे खरं आहे आणि तो निर्णय आपल्या हातात नाही, म्हणजे ओ किंवा टी. एजन्सीने ऑपॉर्च्युनिटी म्हटलंय. पण कोणाच्या तुलनेत? मोठ्यालाही ५, शेजारच्यालाही ५, त्यांच्यासमोर आपल्याला एक पैशाचा फायदा नाही. फायदा आहे तो सुट्या फरसाणासमोर, कारण पॅक आणि लेबल नसलेल्या नमकीनवर आधीपासूनच ५ टक्के होता आणि पॅकबंदवर १२, तो सात टक्क्यांचा फरक मिटला. इथपर्यंत ठीक. पण गल्लीतल्या छोट्या फरसाणवाल्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर त्याला सहसा जीएसटी नोंदणीच लागत नाही, आणि कंपोझिशन स्कीममध्ये असेल तर तो उलाढालीवर एक टक्का भरून मोकळा होतो. त्याच्यासमोर सात टक्क्यांचं गणित लागूच होत नाही. म्हणजे ही संधी मोठ्या, नोंदणी असलेल्या फरसाणच्या दुकानांसमोरच खरी आहे.

आता हे शेवटचं डेकमध्ये नाहीये, मला माहिती होतं म्हणून आलं. अशा माहितीचं काय करायचं? गाळायची तर मुळीच नाही, पण तिला जवळच्या कुठल्या तरी स्लाइडचा नंबर चिकटवायचा मोहही टाळायचा. स्लाइडच्या कॉलममध्ये सरळ "डेकबाहेर" लिहायचं आणि कुठून आलं ते दोन शब्दांत. असं केलं की टेबल वाचणाऱ्याला एक नजर टाकून कळतं की कुठला भाग एजन्सीने आणला आणि कुठला आपण. स्ट्रेंथच्या चौकोनात तर हे हमखास लागतं, कारण स्पर्धकांच्या डेकमध्ये आपल्याबद्दल असतातच किती स्लाइड, तीन-चार. "आपली रेसिपी तीन पिढ्यांची" हे मालकांना फार प्रिय असतं, ते घालायचंच असेल तर डेकबाहेर म्हणून घाला, फक्त त्यात तुलना काय आहे ते मालकांना विचारून घ्या.

मुद्द्याचं वाक्य आणि टेबल

मुद्दा एका शब्दाचा नको, वाक्य हवं, आणि त्या वाक्यात काय, कोणाच्या तुलनेत आणि कुठे हे तिन्ही हवं. अंदाज म्हणून सांगतो, पंधरा-वीस शब्दांत बसतं. वाक्य लिहून झालं की `पुरावे` टॅबमध्ये परत जाऊन त्या पुराव्यासमोर मुद्द्याचा कोड टाकायचा. एका मुद्द्याला दोन पुरावे असतील तर दोन्ही ओळींवर तोच कोड, आणि एकच पुरावा दोन मुद्द्यांना लागत असेल तर ती ओळ कॉपी करून दुसरा कोड. एका सेलमध्ये "12, 29" असं कोंबू नका, मग पुढची तपासणी चालत नाही. शीटमध्ये नंबर इंग्रजी आकड्यांत आणि सगळीकडे सारखे ठेवा. "डेकबाहेर" हा शब्दही `पुरावे` मध्येच, नंबरच्या जागी, म्हणजे तो टेबलमध्ये आपोआप उतरतो.

`पुरावे` मध्ये ए कॉलमला कोड आणि बी कॉलमला स्लाइड असेल, तर स्वॉटच्या टॅबमध्ये स्लाइडचा कॉलम हाताने भरायची गरज नाही:

```
=TEXTJOIN(", ",TRUE,FILTER('पुरावे'!B:B,'पुरावे'!A:A=A2))
```

गूगल शीट्समध्ये आणि नव्या एक्सेलमध्ये हे चालतं. फायदा असा की पुरावा काढला की टेबलमधला नंबर आपोआप जातो, आणि शेवटचा पुरावा गेला की तिथे एरर येतो, जो यायलाच हवा.

आपलं टेबल असं झालं:

| कोड | मुद्दा | स्लाइड | कितपत धरावं |
|---|---|---|---|
| एस१ | नाशिकच्या ३० पैकी २४ दुकानांत आपला माल होता, शेजारच्याचा ११ मध्ये | १२, २९ | मोजलेलं, पण दिवाळीतलं |
| डब्ल्यू१ | पुण्याच्या ३० पैकी २ दुकानांत आपण, मोठा २९, शेजारचा १७ | १२, २९ | मोजलेलं, दिवाळीतलं |
| डब्ल्यू२ | आपला चिवडा ९० दिवस टिकतो, मोठ्याचा १२० | ९ | मोजलेलं |
| डब्ल्यू३ | दुकानदाराला आपण १२ टक्के देतो, शेजारचा १५ | १४ | सांगितलेलं, टक्के कशावर ते विचारायचं |
| ओ१ | नोंदणी असलेल्या सुट्या फरसाणाच्या दुकानांसमोर आपला कराचा तोटा मिटला | २१, डेकबाहेर | पक्कं, पण छोट्या दुकानांना लागू नाही |
| ओ२ | मोठ्याच्या चिवड्यावर तेलकटपणाची तक्रार, आपलं तेल कमी असेल तर ग्राहक वळू शकतात | १७ | अर्धवट, आपला आकडा नाही |
| टी१ | शेजारचा पुण्याजवळ गोदाम बघतोय असं दोन वितरक म्हणतात | २४ | ऐकीव |

सातच मुद्दे, आणि स्ट्रेंथमध्ये एकच. चौकोन रिकामा दिसतो म्हणून भरायला जाऊ नका. स्पर्धकांच्या डेकमधून आपली एकच ताकद सिद्ध होत असेल तर तेच उत्तर आहे. चार चौकोनांचं चित्र हवं असेल तर शेवटी करून द्या, पण काम या सरळ टेबलमध्येच करा, कारण चौकोनात स्लाइडच्या कॉलमला जागाच नसते आणि नंबर सगळ्यात आधी तिथेच गळतात.

एस१ आणि डब्ल्यू१ शेजारी ठेवून बघा, दोन्ही एकाच स्लाइडवर उभे आहेत. उद्या कोणी म्हणालं की दिवाळीचा आकडा धरायचा नाही तर दोन्ही पडतील, नुसती वीकनेस गाळून स्ट्रेंथ ठेवता येणार नाही. हे वाटतं तेवढं साधं नाही, मीटिंगमध्ये लोक बरोब्बर हेच करतात, आवडता आकडा ठेवतात आणि नावडता "सणामुळे आलाय हो" म्हणून काढतात. माझ्या मते इथे एस१ जास्त कच्चा आहे. दिवाळीत सगळेच माल भरतात, तरीही पुण्यात दोनच दुकानांत आपण होतो, म्हणजे एरवी दोनाहून जास्त असण्याची शक्यता कमीच. नाशिकचे २४ मात्र खाली येऊ शकतात.

उलटी तपासणी

आता मुद्द्याकडून स्लाइडकडे नाही, स्लाइडकडून मुद्द्याकडे यायचं. नव्या टॅबमध्ये 1 ते 32 नंबर खाली खाली टाका आणि शेजारी हा फॉर्म्युला ओढा:

```
=COUNTIFS('पुरावे'!B:B,A2,'पुरावे'!A:A,"<>")
```

ज्या स्लाइडसमोर शून्य येतं ती कुठल्याच मुद्द्यात वापरली नाहीये. कव्हर, अनुक्रमणिका, आभाराची स्लाइड शून्यच असणार, त्या सोडा. बाकीच्या शून्यांसमोर एक शब्दाचं कारण लिहा. स्लाइड ७ ला शून्य, कारण जुन्या किमती. स्लाइड ३ ला शून्य, कारण मत. आणि कारण सुचत नसेल तर ती स्लाइड परत उघडा. मला तरी इथे बहुतेक वेळा एखादी नावडती स्लाइड सापडते, ज्यात आपली कंपनी वाईट दिसते आणि म्हणून हात आपोआप पुढे सरकलेला असतो.

स्लाइड ३ बद्दल अजून एक. ती म्हणते मोठा ब्रँड नाशिकमध्ये पकड गमावतोय, आणि स्लाइड १२ म्हणते नाशिकच्या ३० पैकी २८ दुकानांत तो आहे, आपल्याहूनही जास्त. डेक स्वतःशीच भांडतोय. अशा जोड्या टेबलखाली "डेकमधली विसंगती: ३ आणि १२" अशा लिहून एजन्सीला पाठवा. कदाचित त्यांच्याकडे विक्रीचा आकडा असेल जो डेकमध्ये आला नाही, कारण दुकानात ठेवलेला असणं आणि खपणं या दोन गोष्टी वेगळ्या. आला तर चांगलंच, पण तोवर तो मुद्दा टेबलबाहेर.

शेवटची तपासणी दुसऱ्या माणसाकडून करून घ्या, ज्याने डेक पाहिलेला नाही अशा. त्याला टेबल आणि पीडीएफ द्या, मुद्दा वाचायचा, नंबरवर जायचं आणि स्लाइड तेच म्हणते का एवढंच सांगायचं, हो किंवा नाही. त्याला स्लाइडवर तो मुद्दा शोधायला अर्ध्या मिनिटाहून जास्त लागला तर नंबर चुकलाय नाहीतर वाक्य स्लाइडच्या फार पुढे गेलंय. त्याच्याशी वाद घालू नका, वाक्य बदला.

डेकची नवी आवृत्ती आली की

येणारच. जुनी पीडीएफ ठेवा, नवीची वेगळी काढा. `पुरावे` टॅबमध्ये एक कॉलम वाढवा, "नवा नंबर", आणि मथळ्यावरून जुन्या प्रत्येक ओळीचा नवा नंबर भरा. मथळा तोच पण आतला आकडा बदललेला असू शकतो, म्हणून शब्दशः उतरवलेला मजकूर पुन्हा जुळवून बघायचा, त्यासाठीच तो उतरवला होता. सगळं जुळलं की नवे नंबर मूळ कॉलममध्ये टाका आणि टेबलच्या वर कुठल्या तारखेचा डेक ते बदला. अर्धे नवे अर्धे जुने नंबर असलेलं टेबल कोणाला पाठवू नका.

टेबल पॉवरपॉइंटमध्येच चिकटवणार असाल तर प्रत्येक नंबरवर त्या स्लाइडची लिंक टाकता येते, `Insert` मध्ये `Link`, मग `Place in This Document`. स्लाइड पुढेमागे केल्या तरी लिंक बरोबर जागी जाते, पण लिंकवर दिसणारा आकडा आहे तोच राहतो, तो हातानेच बदलावा लागतो. त्यामुळे क्लिक केल्यावर बरोबर स्लाइड उघडली म्हणून खूश होऊ नका, छापील प्रत घेऊन बसलेल्या साहेबांना क्लिक करता येत नाही.

आणि प्रेझेंटेशनच्या पानावर "कितपत धरावं" हा कॉलम जागेअभावी काढायची सूचना नक्की येईल. जागा हवीच असेल तर मुद्द्याचं वाक्य लहान करा, फॉन्ट एक पॉइंटने कमी करा, दोन पानं करा, पण टी१ समोरचं "ऐकीव" तिथे राहू द्या. ते गेलं तर दोन वितरकांच्या गप्पांवर कोणीतरी पुण्यात गोदाम भाड्याने घ्यायला निघेल.